मधला फोटो

सकाळी 11:00

जालन्यातलं एका जिल्हा दैनिकाचं कार्यालय. दुसरा मजला. जिना अरुंद, बल्ब गेलेला. ताई स्कूटी खाली लावून वर येतात. सगळं कार्यालय त्यांना ताईच म्हणतं. आज दिवसभर मी त्यांच्यासोबत आहे. काम फोटो डेस्कचं, पगार 17 हजार. टेबलावर जुना कॉम्प्युटर, कार्ड रीडर, दोन हार्ड डिस्क आणि लाल पुठ्ठ्याची एक नोंदवही. वही 90 रुपयांची. ताईंच्या कामात ती कॉम्प्युटरइतकीच महत्त्वाची आहे. ते का, हे दुपारी कळतं.

रात्रीतून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊन पडलेले असतात. गावोगावचे वार्ताहर पाठवतात. छापून आला तर फोटोमागे 50 रुपये. ताई आधी चहा मागवतात, मग एकेक उघडतात.

11:20

पहिला संशयित लगेच सापडतो. पुलावरून पाणी वाहतंय, मधोमध ट्रॅक्टर अडकलाय. खाली लिहिलंय, 'काल रात्रीचा.' ताई गूगल लेन्समध्ये शोधतात. तोच फोटो काही वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडतो, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. ताई वार्ताहराला फोन लावतात.

"भाऊ, हा तुम्ही काढला का?"

"नाही ताई, ग्रुपवर आला होता."

"मग ग्रुपलाच राहू द्या."

पाच मिनिटांचं काम. यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही. फोटो खरा होता, तारीख खोटी होती. उत्तर फोटोच्या बाहेर होतं: जुन्या बातमीत, वार्ताहराच्या तोंडात. असे फोटो ताई स्वतःच निकाली काढतात. फसवे फोटो बहुतेक असेच असतात.

दुपारी 12:10

दुसरा तसा नाही. अनोळखी नंबर. फोटोत चहाच्या टपरीशेजारी दोन माणसं उभी आहेत. एक पंचायत समितीतला अभियंता; ताई त्याला चेहऱ्याने ओळखतात. दुसऱ्याचा चेहरा अर्धाच दिसतो. अभियंत्याच्या हातात नोटांचं बंडल आहे. खाली मजकूर: 'विहिरीच्या फाईलचे पैसे घेताना. छापायची हिंमत आहे का?'

शेजारचा पोरगा खुर्चीसकट सरकत येतो. नवीन लागलाय. म्हणतो, "ताई, झूम करा की."

ताई झूम करत नाहीत. आधी वही उघडतात. तारीख, वेळ, नंबर, मजकूर जसाच्या तसा. मग त्या चॅटचा स्क्रीनशॉट, नंबर आणि वेळ दिसेल असा. घाई याचीच आहे. पाठवणारा पुढचे दोनेक दिवस तो संदेश 'सगळ्यांसाठी' पुसू शकतो. त्याने गायब होणारे संदेश चालू ठेवले असतील तर चॅट आपोआपही जाईल.

मग फोटो फाईल म्हणून उतरवून घेतात. फाईलचं नाव बदलत नाहीत, फोटोशॉपमध्ये उघडत नाहीत. नुसतं उघडून पुन्हा 'सेव्ह' केलं तरी जेपेग नव्याने दाबली जाते आणि आधीच्या खुणा पुसट होतात. वेगळा फोल्डर करून फाईल त्यात ठेवतात, तिला 'फक्त वाचण्यापुरती' करतात आणि काळ्या खिडकीत एक ओळ टंकतात:

```
certutil -hashfile photo.jpeg SHA256
```

64 अक्षरांची एक रांग येते. हा त्या फाईलचा अंगठ्याचा ठसा. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी पूर्ण रांग बदलते. रांगेची छापील प्रत वहीत चिकटते. खर्च दोन रुपये.

"आता कर झूम," ताई पोराला म्हणतात. "मूळ फाईल नाही, तिची प्रत उघड."

12:45

पोरगा हुशार आहे. त्याने फोटोचे गुणधर्म उघडलेत. कॅमेऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, जागा नाही.

"ताई, सगळी माहिती उडवलीय. बनावट आहे."

"व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेल्या सगळ्याच फोटोंची उडते. माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो बघ, त्यांतही काही नसेल."

ही चूक ताईंनी बऱ्याच जणांना करताना पाहिली आहे. माहिती नाही, म्हणजे फोटो खोटा असं होत नाही. फोटो वाटेत दाबला गेला, एवढंच त्यातून कळतं.

पोरगा थांबत नाही. एका वेबसाइटवर 'एरर लेव्हल' दाखवायची सोय आहे. फोटोच्या कुठल्या भागावर किती दाबणी झाली, ते ती उजळ-काळ्या रंगात दाखवते. त्याने वेबसाइट उघडली आहे, फोटो चढवायचंच बाकी आहे. ताई त्याचा हात धरतात.

"कुणाची वेबसाइट आहे ही? फोटो तिथं गेला की आपल्या हातात राहत नाही."

त्यांच्या कॉम्प्युटरवर तशीच सोय इंटरनेटशिवाय चालते. तिच्यात प्रत टाकतात. बंडल पांढरंफेक चमकतं.

"बघा! चिकटवलंय!"

ताई बोट शर्टाच्या गुंड्यांवर ठेवतात. त्याही चमकतात. टपरीच्या पाटीवरची अक्षरंही चमकतात. जिथे गडद आणि फिका रंग एकदम भेटतात, जिथे बारीक रेघा असतात, तिथे हे चित्र उजळतंच. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दोनतीनदा दाबला गेला असेल, तर खरी जोडणी असली तरी दिसेनाशी होऊ शकते.

मग त्या पॉल हॅन्सन यांची गोष्ट सांगतात. स्वीडिश छायाचित्रकार. गाझातल्या अंत्ययात्रेच्या त्यांच्या फोटोला 2013 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात एका विश्लेषकाने अशाच चाचण्यांचा आधार घेऊन तो फोटो जोडकाम असल्याचं जाहीर केलं. जगभर बोभाटा झाला. वर्ल्ड प्रेस फोटोने स्वतंत्र तज्ज्ञ नेमले. त्यांच्यात डिजिटल फोटो तपासणीत नाव असलेले हॅनी फरीदही होते. तज्ज्ञांनी कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाईल मागवली आणि छापलेल्या फोटोशी ताडून पाहिली. रंग आणि उजेड कमीजास्त केला होता. जोडकाम नव्हतं.

"रॉ फाईल जपली होती म्हणून तो माणूस सुटला," ताई म्हणतात. "नाहीतर चमकणाऱ्या ठिपक्यांवर त्याचं नाव गेलं असतं."

1:30

डबा. ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरची. खाताखाता ताई त्या नंबरवर फोन लावतात. पलीकडे तरुण आवाज. फोटो स्वतःच काढला म्हणतो, स्वतःच्याच फोनवर. गाव बसने तासाभरावर.

"भाऊ, ऐका. तो फोटो पुन्हा पाठवू नका. पुसू नका, कापू नका. त्याच्या मागचेपुढचे फोटोही तसेच राहू द्या. फोन जागा मागत असेल तर 'जागा मोकळी करा' असलं काही दाबू नका. मी येते."

हे शेवटचं मुद्दाम सांगतात. गूगल फोटोजमधलं ते बटण वर चढवलेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढून टाकतं. वरची प्रत कमी जागेत बसवायला दाबलेली असेल, तर मूळ फाईल कायमची गेली.

2:20

बसस्थानक. बायकांना एसटीत अर्धं भाडं, तिकीट 31 रुपये. ताईंच्या पिशवीत लॅपटॉप, डेटा केबल, नवा पेनड्राइव्ह, तपकिरी पाकिटं, लाखेऐवजी चिकटपट्टी, नोंदवही आणि कार्यालयातला एक जुना, चालू स्थितीतला फोन. पेनड्राइव्ह 380 रुपयांचा. पावती जपून ठेवली आहे, महिनाअखेर पैसे मिळतात.

2:50

बसमध्येच फोन येतो. ओळखीच्या एक शिक्षिका. शाळेतल्या मुलीचा चेहरा कुणीतरी नग्न फोटोला लावलाय म्हणतात आणि तो पोरांच्या ग्रुपवर फिरतोय. "तुम्हाला पाठवू का? खरा की बनवलेला, तेवढं सांगा."

ताईंचा आवाज बदलतो.

"मॅडम, पाठवू नका. मलाही नको, मुख्याध्यापकांनाही नको. स्वतःच्या फोनमध्ये वेगळा जपून ठेवू नका. मुलगी अठराच्या आतली आहे. असा फोटो बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. बनवलेला असला तरी."

मग काय करायचं, तेही सांगतात. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, दिवस आणि वेळ कागदावर लिहायची. मुलीच्या आईवडिलांना घेऊन आजच पोलीस ठाण्यात जायचं. 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करायची. ज्यांच्या फोनवर फोटो आलाय, त्यांचे फोन पोलीस बघतील.

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळतात. "आधी जपा, हे मी दिवसभर सांगत असते. इथं तो नियम लागू नाही. इथं फोटो जपायचा नाही, फोटोचा पत्ता जपायचा. आणि तो खरा की खोटा, हे ठरवायला मी कोण? मुलीचं नुकसान दोन्हीकडून तेवढंच आहे."

3:30

गाव. रस्त्यालगत मोसंबीची बाग, समोर पत्र्याचं घर. तरुण सव्वीस-सत्तावीसचा. विहिरीच्या अनुदानाची फाईल वर्षभर अडकली आहे म्हणतो. फोनच्या काचेला आडवी चीर, मेमरी भरलेली.

"ताई, मी आज फोन फॉरमॅट मारणार होतो."

ताई आधी फोन हातात घेत नाहीत. त्यालाच गॅलरी उघडायला लावतात आणि बघतात. ओळीने तीन फोटो, सगळे 1 जुलैचे. पहिल्यात दोघं टपरीशेजारी बोलतायत. तिसऱ्यात अभियंत्याचा हात खिशात आहे. मधल्यात बंडल.

"मधला बदललाय का काही?"

तो थोडा थांबतो. "फोटो काळपट आला होता ताई. उजेड वाढवला. कडेची माणसं कापली. बाकी आईची शपथ."

गॅलरीत त्या फोटोखाली बटण आहे: मूळ फोटोवर परत जा. मला वाटतं, आता दाबतील आणि सगळं उघड होईल. ताई दाबत नाहीत.

"दाबलं की फाईल बदलेल. मूळ आली तर ठीक. नाही आली, तर आत्ताचीही गेली. शिवाय उद्या कुणी विचारलं, फोनमध्ये हात कुणी घातला, तर माझं नाव. ज्याला ते जमतं, तो आधी अख्ख्या फोनची नक्कल काढेल आणि मग नकलेवर दाबून बघेल."

केबलने तिन्ही फोटो लॅपटॉपवर घेतात. व्हॉट्सअ‍ॅपने नाही, कारण केबलने फाईल आहे तशी येते. एकट्या मधल्या फोटोवर भागत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरचा स्वतःचा बारीक खरखरीतपणा असतो. तो त्या फोनने काढलेल्या प्रत्येक फोटोत उतरतो. तज्ज्ञ शेजारच्या फोटोंतून तो शोधतात आणि मधल्या फोटोत तो सगळीकडे सारखा आहे का, ते बघतात. बाहेरून चिकटवलेल्या तुकड्यात तो तुटलेला असू शकतो. मात्र फोटो लहान केला, दाबला, की ही खूणही विरत जाते. म्हणून फोनमधली फाईल हवी.

वहीत नोंद: फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, तिन्ही फाईलींची नावं, तिन्हींचे ठसे. फोनचं घड्याळ आणि ताईंचं घड्याळ शेजारी धरतात. फोन चार मिनिटं पुढे. तेही लिहितात. फोटोवरची वेळ फोनच्या घड्याळाची असते, ही गोष्ट नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

4:20

फोनचाच प्रश्न उरतो. तो तज्ज्ञाकडे जायला हवा. तरुणाचं सगळं त्यातच आहे: पैसे पाठवायचं अ‍ॅप, बियाण्याच्या दुकानाची उधारी, बायकोचे फोटो. ताई जुना फोन पुढे करतात. सिम त्यात जातं. पैशांचं अ‍ॅप नव्याने जोडायला अर्धा तास लागतो, रेंज जाते-येते. ताई ओसरीवर बसून राहतात.

त्याच्या फोनवर विमान मोड, वायफाय बंद, मग फोन बंद. पाकिटात. जोडावर चिकटपट्टी, तिच्यावर दोघांच्या सह्या. पोचपावती वहीच्या पानावर, एक प्रत त्याच्याकडे. पाकिटावर नाव नाही, फक्त वहीतला क्रमांक. लॉकचा आकडा वेगळ्या चिठ्ठीत.

"माझं नाव छापाल का?"

"नाही. तज्ज्ञालाही सांगणार नाही. पण कोर्टात गेलं तर तुम्हाला उभं राहावं लागेल. आत्ताच विचार करा." मग म्हणतात, "लाचेची तक्रार करायची असेल तर 1064 लावा. तो तुमचा निर्णय आहे."

6:15

कार्यालय. घामाने पाठ भिजलेली. ताई आधी लॅपटॉपवरच्या फाईलींचे ठसे वहीतल्या ठशांशी ताडतात. जुळतात. मग प्रत घेऊन मधल्या फोटोची पोटातली माहिती वाचतात:

```
exiftool -DateTimeOriginal -ModifyDate photo2.jpg
Date/Time Original : 2025:07:01 11:42:18
Modify Date        : 2025:07:03 21:05:40
```

काढला 1 तारखेला, बदलला 3 तारखेला रात्री. तरुणाच्या बोलण्याशी जुळतं. पण या तारखा कुणालाही हव्या तशा लिहिता येतात, आणि काय बदललं, ते इथे लिहिलेलं नसतं. ताई वहीत 'जुळतं' असं लिहितात. 'सिद्ध' असं लिहीत नाहीत.

7:00

अभियंत्याला फोन. ताई फोटो पाठवत नाहीत, त्यात काय आहे ते सांगतात. पलीकडून आवाज चढतो, मग उतरतो.

"मी तिथं होतो. त्याने अर्जाचे कागद दिले, मी घेतले. नोटा मागून चिकटवल्यात. माझी नोकरी आहे मॅडम, दोन पोरं आहेत."

ताई शब्द न् शब्द लिहून घेतात.

7:30

संपादकांची खोली. वहीचं पान मधे. संपादक विचारतात, "ताई, तुमचं मत काय?"

"सर, माणूस तोच, जागा तीच, दिवस तोच. हे माझ्या आवाक्यातलं होतं आणि ते झालं. तो स्वतः कबूल करतो. आता प्रश्न एकच: हातात कागद होते की नोटा. साक्षीदार एकच, आणि फोटो त्यानेच बदललाय. उत्तर फक्त ठिपक्यांत आहे. तिथं मी थांबते."

ताईंची रेघ ही अशी. उत्तर फोटोच्या बाहेर शोधता येत असेल, तोवर शोधायचं. बाहेरचं सगळं संपलं, उरलं ते फोटोच्या आत, आणि त्यावर कुणाची नोकरी किंवा अब्रू अवलंबून असेल, तर सोपवायचं. डोळ्याला कितीही खात्री वाटली तरी.

7:50

सोपवायचं कुणाकडे? सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळा अशी कामं पोलीस किंवा कोर्टामार्फत घेते. वर्तमानपत्राने पाकीट नेऊन उपयोग नाही. म्हणून खासगी तज्ज्ञ. फी ताईंच्या आठवड्याच्या पगाराहून जास्त आहे. संपादक कपाळाला हात लावतात, मग सही करतात.

सोबतचं पत्र ताई स्वतः लिहितात. 'फोटो खरा आहे का?' असं विचारत नाहीत. तीन प्रश्न लिहितात. मधला फोटो याच फोनच्या कॅमेऱ्याने काढलाय का? उजेड आणि काप सोडून दुसरा बदल आहे का, विशेषतः हाताच्या भागात? बदलापूर्वीचा फोटो फोनमध्ये शिल्लक आहे का? खाली, आजपर्यंत या फाईलींना कोणी, केव्हा, काय केलं त्याची यादी. दुपारी प्रतीवर चालवलेली चाचणीही यादीत येते.

"आणि उत्तर 'सांगता येत नाही' असं आलं तर?" पोरगा विचारतो.

"तर तेही उत्तर आहे. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतीवर छातीठोक शंभर टक्के सांगणारा तज्ज्ञ मिळाला, तर मी दुसरा शोधेन."

8:30

वृत्तपत्राचे वकील चक्कर टाकतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा विषय जालन्याला परका नाही. 2014 च्या इथल्या विधानसभा निवडणुकीचा वाद अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल असा सर्वोच्च न्यायालयात गेला. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा पुरावा त्यात होता. 14 जुलै 2020 ला न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केलं तर त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाईलचा ठसा लिहावा लागतो, आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

वकील पाकीट उलटसुलट बघतात, सह्या बघतात. "फोन आणलात ते बरं केलंत ताई. नाहीतर मी नुसता कागदावर भांडत बसलो असतो."

9:40

पान एक. फोटोची जागा मोकळी आहे. तिथे विहिरींच्या रखडलेल्या फाईलींची बातमी लागते. तालुक्यात किती अर्ज पडून आहेत, याचा आकडा वार्ताहराने पंचायत समितीतून रीतसर घेतलाय. अभियंत्याचं नाव नाही, बंडल नाही. बातमी त्या फोटोशिवाय उभी राहते.

10:50

कपाटाला कुलूप. किल्ली संपादकांकडे, नोंद वहीत. पाकीट उद्या सकाळी माणसासोबत जाईल. कुरिअरने पाठवायचं नाही, कारण मधल्या हातांची सही मिळत नाही. ताई दिवसाचा खर्च लिहितात: बस 62, पेनड्राइव्ह 380, पाकिटं 20, छपाई 8. एकूण 470 रुपये. खाली पोरासाठी उद्याचं काम: अभियंत्याने सांगितलेला अर्ज खरंच त्या दिवशी पंचायत समितीत जमा झाला का, आवक नोंदवहीत बघून येणे. ठिपके तज्ज्ञ बघेल. आवक नोंदवही आपण बघू शकतो.